सावद्याजवळ १९६९ ची जावा मिळतेय, मालक १ लाख ४० हजार म्हणतो. घ्यावी का?

केळीबाग
मंडळी, सल्ला हवाय. सावद्याच्या पुढे एका ओळखीच्या शेतात, केळीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जावा उभी आहे. मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत क्रोम, वर जावाचा बिल्ला. मालक काका दोन वर्षांपूर्वी गेले, आता मुलगा विकतोय. तो म्हणतो १९६९ ची आहे, "एक नंबर ओरिजनल", किंमत १ लाख ४० हजार. गाडी तीन-चार वर्षं सुरू केलेली नाही, पण किक जाम नाही. जुनं हाताने लिहिलेलं आरसी बुक आहे, वडिलांच्या नावाचं. रावेरचा एक एजंट म्हणाला की पन्नास वर्षांपुढची गाडी असल्याने "व्हिंटेज नंबर करून देतो, टेन्शन नको".

गाडीतलं मला चालवण्यापलीकडे काही कळत नाही. भाव बरोबर आहे का? ओरिजनल आहे हे ओळखायचं कसं? आणि पूर्ण करायला खरंच किती लागतात? यूट्यूबवर कुणी ४० हजार सांगतं, कुणी ३ लाख.

धुळेकर_पप्पू
रुमाल टाकून ठेवतो.

बुंगाट
एवढ्या पैशात शोरूमची नवी जावा का घेत नाही? माझ्याकडे आहे, दोन वर्षं झाली, एबीएस आहे, सर्व्हिस जळगावात होते. पार्टचं काय ते शोरूमवाल्याला विचारा, मिळतात सगळे.

अमळनेरकर
@बुंगाट, भाऊ, ते जुनी विचारतायत. २०१८ ला जी जावा आली ती चार स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. तिचा एक नटही या गाडीला लागणार नाही. फक्त नाव सारखं.

केळीबाग, आरसीवर कंपनीच्या रकान्यात 'आयडियल जावा' लिहिलंय का? असेल तर गाडी जावाच. डोळे झाकून घ्या, मुंबई-पुण्यात यापेक्षा जास्त भाव आहे.

भुसावळ_लोको
डोळे अजिबात झाकू नका. अमळनेरकर यांचं अर्धंच बरोबर आहे, आणि याच अर्ध्या माहितीवर लोकांचे पन्नास-साठ हजार जातात.

आयडियल जावा हे म्हैसूरच्या कारखान्याचं नाव. १९६१ पासून तिथे जावा नावाने गाड्या बनल्या, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तीच गाडी येझडी नावाने येऊ लागली, आणि १९९६ ला कारखाना बंद होईपर्यंत येझडीच राहिली. कंपनीचं नाव मात्र शेवटपर्यंत तेच. त्यामुळे १९८५ च्या येझडीच्या पुस्तकातही 'आयडियल जावा' सापडेल. त्या रकान्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

सिद्ध होतं ते उत्पादनाच्या वर्षावरून आणि पहिल्या नोंदणीच्या तारखेवरून. मुलगा तोंडाने ६९ म्हणतो, पुस्तक काय म्हणतं? जावाच्या नावाला भाव जास्त, म्हणून येझडीला मरून रंग, क्रोमच्या पट्ट्या आणि बाजारातला बिल्ला लावून जावा करायचा धंदा जोरात आहे. मी स्वतः अशा तीन पाहिल्यात. फोटो टाका. टाकीचे नकोत, ते सगळे सुंदरच असतात. आरसीचं पान, हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर, इंजिनावरचा नंबर, आणि सीट काढून खालचा पत्रा.

केळीबाग
लोकोकाका, आत्ताच मुलाकडून व्हॉट्सअॅपवर पान मागवलं. उत्पादन: ३/१९७९. नोंदणी मे १९७९. नंबर जुना, 'एम'पासून सुरू होणारा तीन अक्षरी. मुलाला विचारलं तर म्हणतो, "बाबा नेहमी ६९ म्हणायचे, आरटीओवाल्याने चुकून लिहिलं असेल."

भुसावळ_लोको
आरटीओवाला दहा वर्षं चुकत नाही. ही येझडी आहे. वाईट नाही हां, गाडी झकास असते, माझ्या घरात तीच आहे. पण जावाचा भाव देऊ नका.

आणि त्या एजंटला रामराम करा.

खिडकी_क्रमांक_चार
एजंटबद्दल +१. (मी एजंट नाही. आरटीओत फेऱ्या मारून मारून आयडी हाच घेतला.)

व्हिंटेजचा नियम जुलै २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी हवी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार. १९७९ ची गाडी त्यात अजून बसतच नाही. आणि बसली तरी करू नका, कारण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. तुम्हाला फैजपूरला भाजी आणायला जायचं असेल तर साधी नोंदणीच हवी.

आता तुमचा खरा प्रश्न. मालक वारलेत. म्हणजे आधी वारसाच्या नावावर गाडी चढवायची: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. मग मुलाकडून तुमच्याकडे फॉर्म २९ आणि ३०. मुलगा एकटाच आहे की बहिणीही आहेत, हे आजच विचारा. सही करायला नाशिकची बहीण आली नाही म्हणून माझं एक काम आठ महिने अडकलं होतं.

दुसरं, पुस्तक हाताने लिहिलेलं आहे म्हणजे गाडी बहुतेक ऑनलाइन नाहीच. एम-परिवहनवर नंबर टाकून बघा. 'रेकॉर्ड सापडत नाही' आलं तर आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागेल, म्हणजे त्यांच्या जुन्या रजिस्टरवरून तुमची नोंद संगणकात चढवायची. ती होईपर्यंत ट्रान्सफर नाही, नूतनीकरण नाही, नव्या सुरक्षा नंबरप्लेटचं बुकिंगही नाही. रजिस्टरचं पानच वाळवीने खाल्लं असेल तर गाडी कायम शेडमध्ये.

म्हणून पैसे देण्याचा क्रम असा ठेवा: आधी टोकन, मग बॅकलॉग आणि वारसाचं नाव मुलाने त्याच्या जबाबदारीवर करायचं, मग उरलेले पैसे.

पारोळ्याची_सून
वरच्या प्रतिसादाला विकणाऱ्याच्या बाजूने जोड देते. माझ्या वडिलांची राजदूत आम्ही २०१२ मध्ये एका गाडीवाल्याला विकली. कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून दिल्या, त्याने अकरा हजार मोजले, विषय संपला. त्याने पुढे ती कुणाला दिली ठाऊक नाही. सात वर्षांनी बाबांच्या नावाने पोलिसांचा कागद आला की तुमच्या गाडीने धडक दिली. बाबा तेव्हा अंथरुणावर होते. दीड वर्ष कोर्टाच्या तारखा मीच केल्या.

तेव्हा त्या मुलालाही सांगा, नाव बदलल्याशिवाय गाडी दारातून सोडू नको. तुम्हाला घाई नसेल तर दोघांचंही भलं.

अमळनेरकर
लोकोकाका, आयडियल जावाचं मान्य. शिकलो.

पण मग ओरिजनल म्हणायचं तरी कशाला? चाळीस वर्षांची गाडी, कुणी ना कुणी काहीतरी बदललेलंच असणार.

भुसावळ_लोको
चांगला प्रश्न. माझ्या मते टायर, केबल, सीटचं कापड, पिस्टन हे बदललेलं असणं म्हणजे गाडी वापरली. त्याने ओरिजनलपण जात नाही. जे पुन्हा मिळत नाही ते बघायचं. येझडीत माझ्या लेखी तीन गोष्टी: दोन्ही नंबर, इंजिनाची कव्हरं, आणि चेन झाकणारी पूर्ण पत्र्याची चेनकेस. चेनकेस लोक घाण होते म्हणून काढून फेकतात, आणि नंतर जुनी चांगली मिळत नाही. नवी नक्कल मिळते पण पत्रा पातळ, जोडावर खडखडते.

चेसिस नंबर असा बघा. रॉकेलच्या फडक्याने मानेवरचा मळ काढा. अक्षरं ओळीत, सारख्या खोलीची हवीत. हाताने पंच केलेला नंबर थोडा नाचतो, एखादा आकडा खोल, एखादा तिरपा. आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा किंवा तिथेच जाड रंगाचा थर दिसला तर गाडी सोडून द्या, भाव निम्मा केला तरी. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घरी आणा आणि पुस्तकाशी एकेक आकडा जुळवा.

टाकीला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. आणि खरा रंग बघायचा तर सीटखाली नाहीतर टाकीच्या पोटाशी. रंगारी तिथे कधी हात घालत नाही.

पुणेरी_खान्देशी
माझा एक साधा उपाय: गाडी सुरू करा, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर रिंग गेल्या, बोअर करायचा खर्च धरा.

भुसावळ_लोको
टू स्ट्रोकला तसं नसतं. इथे पेट्रोलमध्येच ऑइल असतं, थोडा धूर असणारच. थंड इंजिनात जास्तच. रिंग गेल्याचं कळतं ते किकवर: पाय ठेवला की लिव्हर लोण्यासारखा खाली जातो.

पण गाडी तापल्यावरही ढगासारखा पांढरा धूर येत असेल आणि गिअरबॉक्सचं तेल महिन्याभरात कमी होत असेल, तर क्रँकचं डावीकडचं ऑइल सील गेलंय. त्या बाजूला क्लच, प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्सचं तेल एकत्र असतं, ते इंजिन ओढून जाळतं. सील स्वस्त आहे, पण ते बदलायला बरंच खोलावं लागतं. उजवीकडचं गेलं तर उलटं: तेलाऐवजी हवा ओढते, मग गाडी आयडलवर टिकत नाही, अचानक भणभण वाढते, जास्त तापते आणि एखाद दिवशी पिस्टन धरते. चार वर्षं उभ्या गाडीत दोन्ही सीलं कडक झालेलीच असतात. ती बदलायचीच असं धरून चाला.

चोपड्याचा_भो
भो, मना आजाकडे हाईच गाडी व्हती. आमले हात बी लावू दे नही. जी दांडी किकनी, तीच गिअरनी, पावना लोकेसले माहीतच नही, चोरनारा बी ढकलत ढकलत ली गया आन् गावना बाहेर सोडी दिनी!

धुळेकर_पप्पू
😂 दांडी आत दाबून फिरवायची असते हे चोराला कोण सांगणार.

केळीबाग
सगळ्यांचे आभार. लोकोकाका, तुमच्या गाडीला नेमके किती लागले? हिशोब सांगाल का? हसणार नाही.

भुसावळ_लोको
हसा, बायको हसतेच.

१९८३ ची येझडी, चाळीसगावकडून ३८ हजारांना आणली. मनात आकडा होता ६० हजार, सहा महिने. लागले चौदा महिने.

इंजिनाला साडेएकवीस हजार गेले. क्रँक उघडून नवा रॉड, बेअरिंग, सीलं, क्लचच्या प्लेटी, बोअर आणि पिस्टन, लेथवाल्याची मजुरी धरून. लोक इंजिनाला घाबरतात, पण या गाडीत इंजिन हा स्वस्त भाग आहे, कारण झिजणारे सुटे भाग आजही बनतात. एक सावधगिरी: पिस्टन आणायच्या आधी सिलिंडर मापून घ्या. जुन्या पिस्टनच्या डोक्यावर बहुतेक वेळा ओव्हरसाइजचा आकडा असतो. बोअर शेवटच्या मापापर्यंत गेलेला असेल तर नवा पिस्टन घेऊन उपयोग नाही, आधी स्लीव्ह बसवावी लागते. मी आधी पिस्टन घेतला, तो आज कपाटात पेपरवेट आहे.

खरा खड्डा क्रोम, पत्रा आणि रंगात पडला: ४१ हजार. रिम, हँडल, दोन्ही सायलेन्सर नाशिकला पाठवले. पहिल्यांदा स्वस्तात केलं, एका पावसाळ्यात तांबूस ठिपके आले, म्हणून पुन्हा केलं. क्रोमच्या खालचं निकेल नीट नसेल तर वरची चकाकी फसवी असते. टायर, स्पोक, केबल, वायरिंग, सीट मिळून १९ हजार. मिस्त्रीची मजुरी १४ हजार. २०२३ मध्ये कागदांना सोळा हजार.

गाडी धरून दीड लाखाला पाचशे कमी. विकायला काढली तर एवढे परत येणार नाहीत, हे आता धरूनच बसलोय.

खिडकी_क्रमांक_चार
त्या सोळा हजारांचा खुलासा करतो, कारण यातच लोक रडतात. नूतनीकरणाचं शुल्क तेव्हा हजार होतं, मोठा भाग उशिराच्या दंडाचा: दुचाकीला महिन्याला ३००. तीन वर्षं उशीर धरला तरी १०,८०० होतात. वर पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीचा पर्यावरण कर २ हजार, मग विमा, पीयूसी. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्कच २ हजार झालंय.

अडचण अशी की नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावी लागते, दिवा, हॉर्न, ब्रेक चालू हवेत. म्हणजे गाडीवर खर्च आधी, कागद नंतर. म्हणूनच बॅकलॉग पहिला करा म्हटलं.

भुसावळ_लोको
बरोबर. पासिंगपुरती गाडी चालती करा, रंग आणि क्रोम कागद हातात आल्यावर.

मेहरूणची_बोरं
सुटे भाग कुठून आणता? जळगावात विचारलं तर दुकानदार "येझडी? अजून आहे का?" म्हणतो.

भुसावळ_लोको
रबर, केबल, सीलं पुण्यात नाना पेठेत मिळाली. रॉड किट आणि क्लच बंगळुरूच्या जेसी रोडवरून मागवलं, कारखाना त्याच राज्यातला, तिकडे अजून जुना माल निघतो. 'जुना कंपनीचा माल' म्हणून तिप्पट भाव सांगितला तर डबीवर जाऊ नका, डबीही छापून मिळते. पार्ट हातात घ्या.

पुणेरी_खान्देशी
सहा व्होल्टचं बारा करून घ्यावं का? आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय करता?

अमळनेरकर
बारा करू नका, ओरिजनल जातं!

भुसावळ_लोको
मी केलं. रात्री सातपुड्याकडच्या रस्त्यावर सहा व्होल्टच्या दिव्यात समोरची बैलगाडी दिसत नाही. जुना डायनॅमो तेल लावून डब्यात ठेवलाय, ज्याला ओरिजनल हवं त्याने बसवावा. यावर आमचं पटणार नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. ऑइल मी लिटरला ४० मिली घालतो, काही जण ३० म्हणतात.

केळीबाग
धागा वर काढतोय. काल गेलो होतो, चुंबक, कागद, पेन्सिल, रॉकेल सगळं घेऊन. मुलगा माझ्याकडे डॉक्टर आल्यासारखा बघत होता.

सीटखाली निळा रंग निघाला. टाकीच्या उजव्या बाजूला तळहाताएवढी जागा चुंबक धरत नाही. इंजिनाच्या कव्हरवरची घाण काढली तर आत उठावाची अक्षरं: येझडी. मुलगा खरंच खजील झाला. त्यालाही माहीत नव्हतं, रंगकाम काकांनी वीस वर्षांपूर्वी हौसेने करून घेतलं होतं. चेनकेस आहे, जाड पत्र्याची, एका बाजूला चेपलेली. किकला दम आहे.

चेसिसचा ठसा पुस्तकाशी तंतोतंत जुळला, अक्षरं ओळीत. इंजिनाचा मात्र एक आकडा अडलाय. पुस्तकात शेवटून तिसरा '१' आहे, इंजिनावर '७' दिसतो.

भाव ५५ हजारांवर आलाय. बहीण एकच, भुसावळलाच, सही द्यायला तयार. पाच हजार टोकन देऊ का?

खिडकी_क्रमांक_चार
हाताने लिहिलेल्या पुस्तकात १ आणि ७ ची गल्लत नेहमीची. कारकुनाची चूक असेल तर मूळ रजिस्टरमध्ये ७ असेल आणि बॅकलॉग करताना दुरुस्त होईल. पण रजिस्टरमध्येही १ निघाला, तर इंजिन बदललंय असा अर्थ घेतला जाऊ शकतो. प्लेटच्या बुकिंगला चेसिस आणि इंजिनाचे शेवटचे पाच आकडे लागतात, तिथे गाडी अडेल. टोकन द्या, पण पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या: इंजिन नंबर नोंदीशी जुळला नाही तर टोकन परत.

अमळनेरकर
मला तर इंजिन बदललंय असंच वाटतं. त्या काळी इंजिन जाम झालं की दुसऱ्या गाडीचं सरळ उचलून बसवायचे, आमच्याकडेही तसंच झालं होतं.

भुसावळ_लोको
फोटो बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. केळीबाग, त्या आकड्यावर वायर ब्रश मारू नका, खूण पुसली जाईल. रॉकेलमध्ये रात्रभर फडकं भिजवून वर ठेवा, सकाळी मऊ टूथब्रशने साफ करा. मग बॅटरीचा उजेड बाजूने, तिरपा पाडून फोटो काढा. ७ ची आडवी रेघ खोल असेल तर सावली पडेल.

केळीबाग
फडकं ठेवून आलोय. उद्या सकाळी परत जातो.

धुळेकर_पप्पू
जातोच आहात तर येताना बामणोदचं भरीत घेऊन या. १ निघो की ७, ते वाया जात नाही.